शुगर १७२ आणि तरी उलट्या? 'फ्लोझिन'वाली गोळी चालू असेल तर हे करा

माझं सोलापुरात मेडिकल आहे. मागच्या मे महिन्यात अक्कलकोट रोडच्या चादर कारखान्यात काम करणारे एक काका जुलाबाची गोळी न्यायला आले, ती मी दिली, वर ओआरएसची पाकिटं दिली, पण 'शुगरची गोळी कुठली चालू आहे' हे काय मी विचारलं नाही. तिथंच चुकलो.

तर आधी घरातली शुगरच्या गोळ्यांची पट्टी काढा आणि मागं बारीक अक्षरात लिहिलेली नावं वाचा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, रेमोग्लिफ्लोझिन असं शेवटी 'फ्लोझिन' असलं तर हा लेख तुमच्यासाठी आहे. मेटफॉर्मिन मिसळलेल्या गोळीत पण हे असतं, म्हणून नुसतं कंपनीचं नाव बघू नका. हार्ट किंवा किडनीसाठी शुगर नसलेल्यांनाही ही गोळी देतात.

ही गोळी किडनीला रक्तातली साखर परत ओढू देत नाही, ती लघवीतून बाहेर जाते आणि जाताना पाणी पण घेऊन जाते. लघवीच्या तपासणीत साखर दिसणारच, घाबरू नका. पण लघवीच्या जागी साखर लागून राहिली की बुरशीला आयतं जेवण मिळतं. बायकांना खाज आणि दह्यासारखं पांढरं जातं, पुरुषांची पुढची कातडी लाल होते, चिरते. लाजून महिनाभर कुणी बोलत नाही, आणि मग माझ्याकडून 'खाजेची ट्यूब' मागतात. ती बहुतेक वेळा स्टेरॉइड मिसळलेली असते, ती लावू नका, खाज दबते पण बुरशी वाढते. लघवीनंतर साध्या पाण्यानं धुवा, कोरडं करा, आणि डॉक्टरला दाखवा, क्लोट्रिमॅझोलसारख्या साध्या क्रीमनं बऱ्याच वेळा बरं होतं, त्यासाठी गोळी बंद करायची गरज सहसा पडत नाही. मात्र त्या भागात किंवा गुदद्वाराजवळ खूप दुखतंय, सूज आहे आणि ताप पण, तर थेट हॉस्पिटल, कारण तो क्वचित होणारा पण वेगानं पसरणारा आजार असू शकतो.

आता काकांचं ऐका. बाहेर ४३ डिग्री, मागांच्या शेडमध्ये त्याहून गरम, त्यात लग्नाचं जेवण बाधलं. जुलाब लागले, जेवण सुटलं, पण गोळी मात्र रोज सकाळी न चुकता घेतली, कारण 'शुगरची गोळी सोडायची नसते' असं सगळ्यांच्या डोक्यात बसलंय. तिसऱ्या दिवशी उलट्या, पोटात कळ, धाप. घरच्या मशीनवर शुगर १७२. एका दवाखान्यात अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. रात्री काकूंचा मला फोन आला, "भाऊ, शुगर बरी आहे ओ, पण हे बसून बसून श्वास घेतायत." मोठ्या हॉस्पिटलात रक्तातलं किटोन ४.८ निघालं.

झालं असं, की पोट रिकामं, पाणी कमी, इन्सुलिन घसरलेलं, मग शरीर चरबी जाळायला लागतं आणि त्यातून किटोन नावाचं आम्ल साठतं. एरवी अशा वेळी शुगर ३००-४०० ला जाते आणि माणूस सावध होतो, इथं मात्र गोळी साखर लघवीतून सोडत राहते, म्हणून मशीनवर आकडा शांत दिसतो. फार कमी जणांना होतं हे, पण आकड्यावर विसंबून राहिलात तर उशीर होतो.

म्हणून उलटी, जुलाब, ताप, जेवण सुटलेलं, निर्जळी उपवास, यातलं काही असेल तर त्या दिवशी फ्लोझिनवाली गोळी थांबवा आणि डॉक्टरला फोन करा. मेटफॉर्मिन, लघवी होण्याची गोळी आणि काही बीपीच्या गोळ्यांचं काय करायचं तेही त्याच फोनवर विचारा. इन्सुलिन घेत असाल तर मनानं बंद करू नका, डोस डॉक्टरच ठरवतील. थोडं थोडं पाणी, ओआरएस, पेज पोटात जाऊ द्या. ज्यांना हार्टमुळं पाणी मोजून प्यायला सांगितलंय त्यांनी किती प्यायचं ते विचारूनच. जेवणपाणी नेहमीसारखं होऊन एक-दोन दिवस गेले की डॉक्टरला विचारून परत चालू. ऑपरेशन ठरलं असेल तर डॉक्टर बहुतेक तीन दिवस आधी बंद करायला सांगतात, त्यांनी विचारलं नाही तर तुम्हीच सांगा.

उलट्या थांबत नाहीत, पोट दुखतंय, श्वास जोरात चाललाय, गुंगी येतेय, मग शुगर १५० असली तरी निघा. पट्टी सोबत न्या आणि "ही गोळी चालू आहे, किटोन बघा" असं स्पष्ट सांगा. रक्तातलं किटोन ०.६ च्या खाली ठीक, १.५ च्या वर लगेच डॉक्टर, ३ च्या वर इमर्जन्सी. लघवीची किटोन पट्टी निगेटिव्ह आली म्हणून घरी थांबू नका, ती कधी कधी कमी दाखवते.

काकांना सलाईन, इन्सुलिन आणि सोबत ग्लुकोज असं चाललं. काकू गोंधळल्या, शुगरच्या पेशंटला ग्लुकोज कशाला? शुगर खाली न पाडता इन्सुलिन देत राहायचं, म्हणजे किटोन बनायचं थांबतं, म्हणून. पाचव्या दिवशी घरी आले. आता जुलाबाची गोळी मागायला कुणी आलं की मी आधी पट्टी दाखवा म्हणतो.