रिपीट ग्राहक कमी दिसत होते: ईमेल, फोन आणि गेस्ट चेकआउट जोडल्यावर आकडा जुळला

लक्षण असं: पॅकिंगवाल्यांना तीच नावं पुन्हा पुन्हा दिसायची, पण रिपोर्टमध्ये जवळजवळ सगळे ‘नवीन’. ईमेलवर ग्रुप केलं की फक्त फोन देणारे गेस्ट सुटायचे, फोनवर केलं की ईमेलवाले. नावावर जुळवलं तर दोन वेगळे ‘अमोल पाटील’ एक झाले. डोकं उठलं होतं.

शेवटी चाललं ते या क्रमाने. आधी ईमेल लोअरकेस करून मागचीपुढची स्पेस काढली. मग फोन (आमचे सगळे भारतातलेच) असा साफ केला, म्हणजे +91 आणि सुरुवातीचं शून्य गळतं:

```python
p = re.sub(r"\D", "", phone)[-10:]
```

दहापेक्षा कमी अंक उरले तर रिकामं. रिकाम्या व्हॅल्यू कधीही जोडायच्या नाहीत, नाहीतर सगळे गेस्ट एकच माणूस होतात.

त्यानंतर प्रत्येक ऑर्डर तिच्या ईमेलला आणि फोनला जोडून `networkx` चं `connected_components` चालवलं. पहिल्या ऑर्डरवर फक्त ईमेल, तिसरीवर फक्त फोन, दुसरीवर दोन्ही. दुसरीमुळे तिन्ही एकाच गटात येतात. साध्या ग्रुपिंगला हे जमत नाही.

मग सर्वांत मोठे गट डोळ्यांनी बघा. आमच्याकडे एका गटात शेकडो ईमेल निघाले: काउंटरवाला दुकानाचाच नंबर टाकत होता. तो आणि 9999999999 वगळून पुन्हा चालवलं. रद्द ऑर्डरी काढून, दोन किंवा जास्त ऑर्डर आयडी असलेले गट मोजले. एका घरात एकच नंबर वापरणारे मात्र अजूनही एकच ग्राहक धरले जातात.