बाळाचं वजन रोज किती ग्रॅम वाढतंय, ते कसं काढावं

काटा नेहमी एकच ठेवा. बाळ उघडं करा, दूध पाजण्याआधी वजन घ्या आणि तारखेसह लिहून ठेवा. यात अवघड काहीच नाही.

गोची होते ती भागाकारात, म्हणजे मोजायला सुरुवात कुठून करायची यात. जन्मानंतर पहिले तीन-चार दिवस बाळाचं वजन उतरतं. अंगातलं जास्तीचं पाणी आणि काळी शी बाहेर पडते, आईचं दूध नुकतंच येऊ लागलेलं असतं. शेकडा सात ते दहापर्यंतची घट चालते. त्यामुळे जन्माचं वजन धरून हिशेब केलात की तो चुकलाच म्हणून समजा.

आशा म्हणून पहिल्याच वर्षी मी हेच केलं. एक मुलगी जन्मली तेव्हा 2 किलो 900 ग्रॅम होती, चौदाव्या दिवशी 2 किलो 960. साठ ग्रॅमला चौदाने भागलं, रोजचे जेमतेम चार ग्रॅम आले आणि मी घाबरले. आजीबाईंनी लगेच वरचं दूध सुरू करायचा धोशा लावला, मीही मान डोलावली. माझ्याच वहीत तिसऱ्या दिवशीचं वजन लिहिलेलं होतं: 2 किलो 680. तिथून अकरा दिवसांत 280 ग्रॅम, म्हणजे रोजचे पंचवीस. पोर छान वाढत होती! तेव्हा सगळ्यात कमी भरलेलं वजन धरा आणि तिथून पुढचे दिवस मोजा.

रोज वजन करू नका, हे मी हात जोडून सांगते. एका वेळच्या दुधाने काटा पन्नास-साठ ग्रॅम वर जातो, एका शू-शीने खाली येतो. वीस-तीस ग्रॅमची वाढ त्यात दिसणार कशी? सुरुवातीला आठवड्याने, दोन महिन्यांनंतर पंधरा दिवसांनी किंवा महिन्याने पुरे. अंगणवाडीतल्या लटकत्या काट्यावर तर शंभर ग्रॅमच्याच रेघा असतात, तिथे महिन्याचाच हिशेब धरा.

पहिले तीन महिने रोज सरासरी 25 ते 30 ग्रॅम, पुढचे तीन महिने 15 ते 20. पूर्ण दिवसांच्या, निरोगी बाळाचे हे आकडे आहेत. कमी दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळाचा हिशेब डॉक्टरच करतील.

दहा टक्क्यांहून जास्त घट झाली, दोन आठवड्यांत जन्माचं वजन परत आलं नाही, पहिल्या तीन महिन्यांत वाढ रोज वीस ग्रॅमच्या खाली राहिली, किंवा पाचव्या दिवसानंतर दिवसभरात सहापेक्षा कमी वेळा शू झाली, तर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.

चौथ्या महिन्यात मात्र वाढ तिसावरून सतरावर आली की घरात कुजबुज सुरू होते, आईचं दूध पातळ झालं म्हणून. माता-बाल संरक्षण कार्डावरची वाढीची रेघ बघा. तीही त्या वयात वाकते.