मैत्रिणीच्या बढतीचं कार्ड लिहिताना या चुका टाळा (त्याच जागेसाठी तुम्हीही अर्ज केला असेल तेव्हा)

समजा, कारखान्याच्या अकाउंट्स विभागात दोघी नऊ वर्षं शेजारच्या टेबलांवर आहेत. विभागप्रमुखाच्या जागेसाठी दोघींनी अर्ज केला, दोघींची मुलाखत झाली आणि निवड मेधाची झाली. वैशालीने तिच्यासाठी चांगलं पेन घेतलंय. मेधाबद्दल तिला आनंद आहे आणि तो कार्डातून पोचावा अशी तिची इच्छा आहे. पहिल्या बैठकीत तिने हे लिहिलं:

«प्रिय मेधा, पदोन्नतीबद्दल हार्दिक अभिनंदन! शेवटी तुझीच निवड झाली. खरं सांगते, मला अजिबात वाईट वाटलेलं नाही, उलट आनंदच झाला. माझ्यापेक्षा तूच लायक होतीस. आता तू साहेब झालीस, आम्हाला विसरू नकोस. पुढील वाटचालीस शुभेच्छा!»

यातला एकही शब्द वाईट हेतूने लिहिलेला नाही. तरीही कार्ड वाचून मेधा अवघडेल. का, ते पाहू.

‘च’ आणि ‘शेवटी’ काय करतात

मराठीत मनातली सल बहुतेक वेळा छोट्या अव्ययांतून बाहेर पडते. ‘तुझी निवड झाली’ ही बातमी आहे. ‘तुझीच निवड झाली’ म्हटलं की जिची झाली नाही तीही त्या वाक्यात येऊन बसते. ‘आनंद झाला’ हे सरळ आहे, पण ‘आनंदच झाला’ म्हणजे कुणीतरी शंका घेतली होती आणि आपण ती खोडतोय. ‘शेवटी’, ‘अखेर’, ‘तरी’, ‘उलट’ यांचंही तसंच.

कच्चा मजकूर लिहून झाला की पेन्सिलीने हे शब्द गोल करा आणि ते काढून वाक्य पुन्हा वाचा. बहुतेक ठिकाणी वाक्य त्यांच्याशिवाय नीट उभं राहतं. ‘खरं सांगते’, ‘अगदी मनापासून सांगते’ ही शपथही काढा. ती घातली की पुढचं वाक्य पुराव्याला उभं असल्यासारखं वाटतं.

नकाराने सुरुवात

‘मला वाईट वाटलेलं नाही’ हे वाक्य कार्डात चालत नाही. मेधाने तसं विचारलेलं नाही, आणि वाचणाऱ्याच्या मनात राहतं ते ‘वाईट’. खरोखर वाईट वाटलं असेल तर तेही कार्डात नको. ते चहाच्या वेळी समोरासमोर सांगता येतं, तिथे तीही दोन शब्द बोलू शकते. कार्ड मात्र ड्रॉवरमध्ये वर्षानुवर्षं राहतं, आणि ज्या दिवशी तिने पेढे वाटले त्याच दिवशी तिला तुमची समजूत काढायला बसवतं.

‘माझ्यापेक्षा तूच लायक होतीस’ हे तर सगळ्यांत अवघड. दिसायला मोठेपणा, पण त्यावर मेधाला ‘अगं, असं काय म्हणतेस’ एवढंच म्हणता येतं. कौतुकाच्या कार्डात तुलना नको, स्वतःला कमी लेखणारीही नको.

मग आपल्या अर्जाचा उल्लेख करायचा का?

दोघींना माहीत असेल आणि कार्ड ती एकटी वाचणार असेल, तर करावा. अजिबात न केल्यास ती गोष्ट न लिहिताही कार्डात जाणवत राहते. पण एकच वाक्य, बातमीसारखं, आणि जागा मधली: सुरुवातीला आलं तर कार्ड तुमच्याविषयीचं होतं, शेवटी आलं तर तेच लक्षात राहतं. कार्ड सगळ्या विभागासमोर उघडलं जाणार असेल किंवा अर्जाची गोष्ट बाहेर कुणाला माहीत नसेल, तर उल्लेख पूर्ण टाळा.

त्या वाक्यापुढे जे लिहाल ते आज खरं असलं पाहिजे. ‘जागा तुला मिळाली याचा मला आनंद आहे’ हे लिहिताना हात अडखळला तर लहान पण खरं वाक्य घ्या: ‘ती जागा तू नीट सांभाळशील याची मला खात्री आहे.’ बहुतेकदा एवढं खरं असतं आणि तेवढं पुरतं.

कौतुक कामाचं, डोळ्यांनी पाहिलेल्या

‘हुशार’, ‘मेहनती’, ‘सगळ्यांना सांभाळून घेणारी’ हे शब्द कुणालाही लागू पडतात. आणि तुम्हीही उमेदवार होता म्हणून मेधा ते अधिक बारकाईने वाचेल. तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी मुलाखत घेणाऱ्यांकडे नव्हती: शेजारच्या टेबलावरून पाहिलेलं काम. त्यातला एकच प्रसंग, आकड्यासकट लिहा.

वैशालीला मार्चअखेरची एक संध्याकाळ आठवते. बँकेचा ताळमेळ ५४ रुपयांनी जुळत नव्हता. फरकाला ९ ने भाग जातो हे मेधाच्या लक्षात आलं. दोन शेजारचे आकडे उलटे लिहिले गेले की फरकाला ९ ने भाग जातो, म्हणून तिने व्हाउचरं पुन्हा काढली.

‘साहेब’ आणि ‘वाटचाल’

‘आम्हाला विसरू नकोस’ ही थट्टा एरवी खपते. पण उद्यापासून तुमच्या रजेवर मेधाची सही लागणार असेल, तर त्यात मागणी ऐकू येते. ‘आता आमच्याकडे लक्ष असू दे’ हेही तसंच. आणि ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’ हे निवृत्तीच्या आणि निरोपाच्या कार्डांवर इतकं झिजलंय की ती कुठे लांब निघाल्यासारखं वाटतं. ती तर त्याच मजल्यावर असणार. एरवी ‘अगं’ म्हणत असाल तर कार्डात ‘आपली निवड झाल्याबद्दल’ असा पोशाखी सूरही आणू नका.

त्यापेक्षा दोघींचं जे रोजचं आहे ते तसंच चालू राहील, असं एखादं ठोस वाक्य घाला. दुरुस्त केलेलं कार्ड असं:

«मेधा,
खूप खूप अभिनंदन!
मार्चअखेरीला ५४ रुपये जुळत नव्हते आणि आम्ही सगळे घरी निघालो होतो. ‘नवाने भाग जातोय, आकडे उलटे पडलेत’ म्हणत तू परत व्हाउचरं काढलीस आणि १,७२८ च्या जागी लिहिलेले १,७८२ शोधलेस. विभागप्रमुख अशी हवी.
या जागेसाठी मीही अर्ज केला होता. ती तुला मिळाली याचा मला आनंद आहे.
गुरुवारी तुझा डबा माझ्याकडून, भरली वांगी.
वैशाली»

मजकूर पन्नास-साठ शब्दांचा आहे. ५ बाय ७ इंचांच्या घडीच्या कार्डात उजव्या पानावर एवढं हाताने मोकळेपणाने मावतं. यापेक्षा वाढलं की बहुधा आपण सफाई द्यायला लागलेलो असतो. आधी वहीच्या कागदावर लिहा, एक रात्र जाऊ द्या, सकाळी मोठ्याने वाचा. चकचकीत कागदावर जेलची शाई लवकर वाळत नाही आणि घडी घालताच समोरच्या पानावर उमटते. म्हणून कार्डाच्या मागच्या कोपऱ्यावर एक रेघ ओढून बोट फिरवून पाहा. पसरली तर बॉलपेन घ्या.

ऑर्डर हातात पडल्यावरच कार्ड द्या, कुजबुजीवर नको. ते भेटीच्या वेष्टनावर चिकटवलं तर पेढ्यांच्या गर्दीत कुणीही वाचेल. पाकिटात घालून, पाकिटावर नाव लिहून वेगळं हातात द्या.

आणि पहिल्यासारखं कार्ड आधीच देऊन झालं असेल, मेधा त्यानंतर थोडी गप्प असेल, तर दुसरं कार्ड किंवा लांबलचक मेसेज पाठवू नका. दोघीच असाल तेव्हा एकदा सांगा: ‘कार्डात मी माझ्याबद्दलच जास्त लिहिलं गं. मला तुझ्या त्या ५४ रुपयांबद्दल लिहायचं होतं.’