घरच्या माइनक्राफ्ट सर्व्हरला किती अपलोड लागेल? हिशेब असा करा

"एका खेळाडूला किती एमबीपीएस लागतं?" या प्रश्नाला एकच आकडा उत्तर म्हणून देता येत नाही. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत तळावर बसून भट्टी चालवणारा खेळाडू नगण्य डेटा घेतो. तोच एलिट्रा घालून नव्या प्रदेशात उडाला की एकटा कित्येक पट खातो. म्हणून किती जण आहेत याइतकंच ते काय करत आहेत, हेही मोजायला हवं.

आधी तुमचा अपलोड वेग काढा. संगणक केबलने राउटरला जोडा आणि तुम्ही खेळता त्याच वेळी, म्हणजे रात्री, दोन-तीनदा चाचणी घ्या. डाउनलोडच्या मोठ्या आकड्याकडे बघू नका. समजा अपलोड 10 एमबीपीएस आलं, तर त्यातलं 70 टक्के, म्हणजे 7, सर्व्हरचं धरा. उरलेलं घरातल्या व्हिडिओ कॉलला आणि फोटोंच्या बॅकअपला लागतं. शिवाय अपलोड काठोकाठ भरलं की पॅकेट राउटरमध्ये रांगेत थांबतात आणि सगळ्यांचा पिंग चढतो.

आता एक चंक केवढा पडतो ते मोजू. जग 16×16 ब्लॉकच्या चंकमध्ये विभागलेलं असतं. `view-distance` 10 असेल तर खेळाडूभोवती दोन्ही बाजूंना दहा-दहा चंक, म्हणजे जास्तीत जास्त 21×21 = 441 चंक पाठवावे लागतात. सर्व्हर रिकामा ठेवा आणि बाहेरच्या इंटरनेटवरून एका मित्राला आत यायला सांगा. घरच्याच वायफायवरून जोडलेला भाऊ या मोजणीत चालणार नाही, कारण त्याचा डेटा घराबाहेर जातच नाही. विंडोजवर `ncpa.cpl` उघडून नेटवर्क जोडणीच्या स्टेटस खिडकीत पाठवलेल्या बाइट्सचा आकडा आधी आणि नंतर टिपा. लिनक्सवर ही आज्ञा चालवा (`eth0` च्या जागी तुमच्या जोडणीचं नाव). Ctrl+C दाबलं की एकूण बेरीज दिसते:

```
vnstat -l -i eth0
```

समजा साडेतीन एमबी गेले. त्याला 441 ने भागलं की चंकमागे साधारण 8 केबी येतात. तुमचा आकडा वेगळा येईल, कारण सपाट वाळवंट चांगलं दाबलं जातं, तर गुहा आणि बांधकामं तितकी दाबली जात नाहीत.

पुढचा भाग वेगाचा. खेळाडूने 16 ब्लॉक ओलांडले की समोर 21 चंकची एक नवी ओळ पाठवावी लागते, म्हणजे 168 केबी. पळताना तो सेकंदाला 5.6 ब्लॉक जातो, म्हणजे दर 2.9 सेकंदांना एक ओळ. हे झाले सेकंदाला 59 केबी. बाइटचे बिट करायला आठने गुणा (इथेच बहुतेकांची चूक होते): सुमारे 0.5 एमबीपीएस. एलिट्रा आणि रॉकेटने तोच सेकंदाला साधारण 33 ब्लॉक जातो, म्हणजे दोन ओळींहून थोडं जास्त. हा आकडा 2.8 एमबीपीएसवर जातो.

शांत बसलेल्या खेळाडूचा आकडा मात्र मोजूनच घ्या. विंडोजवर `resmon` च्या नेटवर्क टॅबमध्ये `java.exe` समोर पाठवलेले बाइट्स दिसतात. समजा सेकंदाला 12 केबी, म्हणजे 0.1 एमबीपीएस. सगळे एकाच जागी जमले किंवा शेजारी प्राण्यांचा मोठा फार्म असला, तर हा आकडा वाढतो, कारण प्रत्येकाची हालचाल बाकी प्रत्येकाला कळवावी लागते. म्हणून एकाचा आकडा घेऊन सरळ पाचाने गुणू नका, पाचही जण एकत्र असताना मोजा.

आता बेरीज. पाच जण, त्यातले दोन उडताहेत आणि तीन तळावर: 5.6 + 0.3 = 5.9. सातात बसलं. तिसराही उडाला की 8.4 + 0.2 = 8.6, आणि तळावरच्या बिचाऱ्यांनाही लॅग. अशा वेळी प्लॅन वाढवण्याआधी `server.properties` मध्ये हे करून सर्व्हर पुन्हा सुरू करा:

```
view-distance=6
```

आता ओळ 13 चंकची झाली. उडणारा 1.7 घेतो, तिघे मिळून 5.1, तळावरच्या दोघांसह 5.3. दूरचे डोंगर थोडे उशिरा दिसतात, एवढंच.

हिशेब बसूनही खेळ अडखळला तर आधी कन्सोल वाचा. तिथे `Can't keep up! Is the server overloaded?` असं येत असेल तर प्रोसेसर, मेमरी किंवा डिस्क कमी पडतेय. अपलोड वाढवून उपयोग नाही. कन्सोल शांत आहे, पण कोणी उडायला लागलं की सगळ्यांचा पिंग एकदम चढतो आणि उडणारा जमिनीवर उतरला की पिंग खाली येतो, तर अपलोडच भरतंय.