या चुका टाळा : विहिरीचं पाणी आणि बाळाचं डब्याचं दूध

रावेर-यावलकडे केळीला ठिबकमधून युरिया सतत जातो. पिकाने न उचललेलं नत्र नायट्रेट होऊन पाझरत विहिरीत उतरतं. पाणी मात्र नितळ आणि चवीलाही गोड, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. अंगावर पिणाऱ्या बाळाला याचा धोका जवळपास नसतो, कारण आईने पाणी प्यायलं तरी दुधात नायट्रेट फारसं उतरत नाही. वरच्या दुधाचं बाळ मात्र दिवसभर तेच पाणी पितं.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक पाणी आटवण्याची. 'चांगलं वीस मिनिटं उकळव गं,' असं आजी मायेने सांगते. जंतूंसाठी उकळी हवीच, पण नायट्रेट वाफेबरोबर जात नाही. लिटरला ८० मिलिग्रॅम नायट्रेट असलेलं एक लिटर पाणी आटून ७०० मिलिलिटर झालं, की प्रमाण ११४ वर जातं. आपल्याकडे पिण्याच्या पाण्याची मर्यादा ४५ आहे. तुरटी, क्लोरीन, कँडल फिल्टर, यूव्ही यांनीही नायट्रेट निघत नाही. आरओने बरंच कमी होतं, पण टीडीएस वाढवायला त्यात कच्चं पाणी मिसळणारा स्क्रू असेल तर नायट्रेट परत येतं. म्हणून तपासणीला आरओच्या तोटीचं पाणीही द्या. टीडीएस मीटरवर मात्र विसंबू नका, तो नायट्रेट वेगळं दाखवत नाही.

दुसरी चूक रिपोर्ट वाचताना होते. समजा, रिपोर्टमध्ये १८ आलं. ४५ च्या आत म्हणून घरचे निर्धास्त. पण आकड्यापुढे 'नायट्रेट नायट्रोजन' असं लिहिलं असेल तर त्याला ४.४३ ने गुणायचं असतं. म्हणजे जवळपास ८०, सरळ मर्यादेबाहेर. प्रयोगशाळेला हे विचारायला लाजू नका. पावसाळ्यानंतर पुन्हा तपासा, पाझर वाढला की आकडा बदलतो.

तिसरी चूक बाळाच्या निळेपणाला थंडी समजण्याची. सहा महिन्यांखालच्या बाळाच्या पोटात आम्ल कमी असतं, म्हणून तिथले जीवाणू नायट्रेटचं नायट्राइट करतात. त्याने रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहेनासं होतं, आणि ते पूर्ववत करणारं एन्झाइम बाळात अजून कमीच असतं. जुलाब लागले असतील तर धोका आणखी वाढतो. ओठ, नखं, हिरड्या निळसर-राखाडी दिसतात, बाळ सुस्त होतं किंवा धापा टाकतं. ऑक्सिजन लावूनही रंग सुधारत नाही आणि काढलेलं रक्त चॉकलेटी दिसतं, ही ओळखीची खूण. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचा आकडाही इथे फसवा असतो. घरी शेकत बसू नका, लगेच दवाखाना गाठा आणि 'दूध विहिरीच्या पाण्यात कालवतो' हे डॉक्टरांनी विचारायच्या आधीच त्यांना सांगा. गरज पडली तर मिथिलीन ब्ल्यू शिरेतून देतात, पण ते रुग्णालयातच.

तपासणीत नायट्रेट जास्त निघालं, तर बाळाच्या दुधासाठी ४५ च्या आतलं तपासलेलं पाणी वेगळं आणा आणि ते उकळी फुटताच उतरवा. बाळगुटी उगाळायलाही तेच वापरा.