आवाज बसल्यावर रजेचा मेल: पाठवण्याआधीची तयारी

ही तयारी मेल उघडण्याआधी, डॉक्टरांच्या खोलीतच सुरू करायची असते. आमचं काम फोनवरचं, मराठी ग्राहकांचे कॉल घेण्याचं. पूर्वी मी स्वतः कॉल घ्यायचे, आता शिफ्टचा रोस्टर लावते, त्यामुळे आवाज बसल्याचे मेल लिहिलेत आणि वाचलेतही. बहुतेक मेल अडतात ते एकाच जागी. आजारी आहे एवढं कळतं, पण माणूस नेमकं काय करू शकत नाही आणि कधीपर्यंत, हे कळत नाही. ताप आला की माणूस झोपून असतो. स्वरयंत्राला सूज आलेला माणूस चालतो, जेवतो, टाइप करतो, फक्त बोलू शकत नाही. मॅनेजरच्या मनात पहिला प्रश्न हाच येतो: मग हा चॅटवर का बसत नाही?

म्हणून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून निघण्यापूर्वी सर्टिफिकेट तिथेच उभं राहून वाचा. डॉक्टर तोंडी म्हणतात, ‘अजिबात बोलू नका’, आणि कागदावर घाईत नुसतं ‘विश्रांती’ लिहून जातं. आपल्याला ‘आवाजाची विश्रांती’ हे शब्द हवेत, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत ते हवं, खाली सही, शिक्का आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक हवा. पूर्ण मौन किती दिवस आणि नंतर कमी बोलणं किती दिवस, हेही वेगळं लिहून मागा. पगारातून ईएसआय कापला जात असेल, तर त्या दवाखान्याचंच सर्टिफिकेट लागेल का, हे एचआरला आधी लिहून विचारा.

डॉक्टरांना अजून एक विचारून घ्या: कुजबुजलेलं चालेल का? आपल्याला वाटतं हळू बोललं म्हणजे घशाला आराम. पण कुजबुजताना बरेच जण स्वरतंतू आणखी आवळतात आणि ताण उलट वाढतो. सारखं खाकरणंही तसंच. तंतू एकमेकांवर आपटतात. हे मेलमध्ये लिहायचं नाही, पण माहीत असायला हवं, कारण ‘कॉल नको, हळू आवाजात टीम मीटिंगला तरी ये’ असं कुणीतरी म्हणणारच. (हळद-दूध, ज्येष्ठमध आणि काढा सुचवणारेही येतील. त्यांना अंगठा दाखवून पुढे जा. व्हॉट्सॲपवरचा अंगठा म्हणतेय मी.)

घरी आल्यावर मेलच्या आधी रोस्टर आणि शिल्लक रजा बघा. एक उदाहरण घेऊ. आमच्याकडच्या एका मुलीचा आवाज सोमवारी, १३ जुलैला, शिफ्टच्या शेवटच्या तासात बसला. मंगळवारी सकाळी डॉक्टरांनी दुर्बिणीने घसा पाहून तीन दिवस पूर्ण मौन आणि पुढचे चार दिवस गरजेपुरतंच बोलणं सांगितलं. म्हणजे सर्टिफिकेट १४ ते २० जुलै असं सात दिवसांचं. तिच्या पहिल्या मसुद्यात सरळ सात दिवसांची रजा होती. पण शुक्रवार, १७ तारीख तिची साप्ताहिक सुट्टी, आणि शनिवारपासून ती चॅटवर बसायला तयार होती. खात्यावर चारच आजारपणाच्या रजा शिल्लक होत्या. रोस्टर समोर ठेवल्यावर कळलं की रजा मागायची ती फक्त तीन दिवसांची, आणि उरलेल्या तीन दिवसांसाठी मागायचं ते काम बदलून. हे गणित मेलच्या आधी झालं नाही, तर मॅनेजर स्वतःच्या सोयीने करतो.

विषयाच्या ओळीत ‘रजेबाबत’ एवढंच नको. त्या एका शब्दाचे दिवसाला पाच मेल येतात. नाव, कारण, तारखा तिथेच द्या, कारण सकाळी फोनवर मॅनेजरला तेवढीच ओळ दिसते. तिने शेवटी पाठवला तो मेल साधारण असा होता:

‘विषय: आजारपणाची रजा, १४ ते १६ जुलै (आवाज बसल्यामुळे)

नमस्कार सर,
माझ्या स्वरयंत्राला सूज आली आहे. आज सकाळी डॉक्टरांनी तपासून १६ जुलैपर्यंत अजिबात न बोलण्याचा सल्ला दिला आहे. त्यामुळे मंगळवार १४ ते गुरुवार १६ जुलै, हे दोन्ही दिवस धरून, तीन दिवसांची आजारपणाची रजा मिळावी ही विनंती. शुक्रवारी माझी साप्ताहिक सुट्टी आहे. शनिवारी, १८ तारखेला मी हजर होईन.
१८ ते २० जुलै मला कमी बोलायला सांगितलं आहे. या तीन दिवसांत कॉलऐवजी चॅट किंवा ईमेलचं काम मिळालं तर बरं होईल.
सोमवारच्या दोन तक्रारींच्या ग्राहकांना फोन करायचा राहिला आहे. त्यांचे क्रमांक आणि नोंदी सिस्टिममध्ये टाकल्या आहेत.
मी फोनवर बोलू शकणार नाही. काही विचारायचं असल्यास मेसेज करावा, मी उत्तर देईन. सर्टिफिकेट सोबत जोडलं आहे.’

यात ‘हे दोन्ही दिवस धरून’ आणि ‘१८ तारखेला हजर होईन’ ही वाक्यं सगळ्यात कामाची. ‘१४ ते १७’ लिहिलं की सतरावी आत की बाहेर, यावरून महिनाअखेरीला पगार कापल्याची भांडणं मी पाहिली आहेत. माफी एकदाही मागितलेली नाही, तेही बरोबर. घसा किती दुखतो याचं वर्णन नाही, कारण त्यावर कुणाला काही करायचं नसतं. राहिलेल्या फोनची ओळ मात्र हवीच. रोस्टर लावणारीला खरी चिंता तीच असते.

जोडताना फक्त सर्टिफिकेट जोडा, औषधांची चिठ्ठी नको. तुम्ही इतर कुठल्या गोळ्या घेता हे टीमला कळायचं कारण नाही. फोटो काढला असेल तर तारखा आणि शिक्का वाचता येतो का ते मोठं करून बघा. सीसीमध्ये टीम लीड आणि एचआर पुरेत.

शिफ्ट अकराची असेल तर मेल दहाच्या आत जायला हवा. डॉक्टरच साडेदहाला भेटणार असतील, तर आधी दोन ओळींचा मेसेज टाका आणि सर्टिफिकेटसह मेल नंतर. मेसेजवर रजा मंजूर झाली असं समजू नका. सिस्टिममध्ये अर्ज वेगळा भरावा लागतो, आणि तो विसरणारेच जास्त. मॅनेजरचा फोन तरीही आलाच, तर घरच्या कुणाला उचलायला सांगा किंवा कट करून लगेच मेसेज करा. नुसता वाजू दिला तर अर्थ भलताच निघतो.

साध्या संसर्गाने बसलेला आवाज बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत सुधारतो, म्हणून पहिल्याच मेलमध्ये महिन्याची रजा मागू नये. तीन-चार आठवडे झाले तरी घोगरा राहिला, तर पुन्हा दुर्बिणीने तपासून घ्यावं लागतं. श्वास घ्यायला त्रास झाला किंवा थुंकीही गिळता येईना, तर मेल राहू द्या, आधी हॉस्पिटल गाठा.

शुक्रवारी संध्याकाळी एक छोटा मेल बाकी राहतो: उद्या येतेय, चॅटवर नाव लागलंय का? आमच्या मुलीने तो पाठवला नसता तर शनिवारी हेडसेट तिची वाट बघत होता. रोस्टरमध्ये तिचं नाव कॉलवरच राहिलं होतं, आणि ती चूक माझी होती.