दुबईत नवीन आलेल्यांसाठी: ओव्हरटाइमला नाही कधी म्हणता येतं

कॅम्पमध्ये आल्या आल्या दोन सल्ले ऐकायला मिळतील. एक जण सांगेल, "कंपनी म्हणेल तितकं थांबायचं, नाहीतर व्हिसा जाईल." दुसरा सांगेल, "आठ तास झाले की सरळ निघायचं." दोन्ही चुकीचे आहेत, आणि दुसऱ्यामुळे नोकरीवर गंडांतर येऊ शकतं.

2022 पासून लागू असलेल्या कामगार कायद्यात रोजचे आठ किंवा आठवड्याचे 48 तास ठरलेले आहेत. त्यावर मालक दिवसाला दोन तास जादा काम सांगू शकतो. तुमची मर्जी विचारायलाच हवी असं नाही. त्याहून जास्त थांबवायचं तर मोठं नुकसान किंवा गंभीर अपघात टाळण्याचं, नाहीतर त्याचे परिणाम निस्तरण्याचं कारण लागतं. कोल्ड स्टोअरेजचा कॉम्प्रेसर बंद पडून माल वितळायला लागला, तर थांबा. ट्रक रोजच उशिरा येतो, हे माझ्या मते त्या कारणात बसत नाही.

बहुतेकांना माहीत नसलेली मर्यादा वेगळीच आहे. ओव्हरटाइम धरून तीन आठवड्यांत 144 तासांच्या वर काम नको. म्हणजे सहा दिवस आठ-आठ तास भरणाऱ्याचे 144 तिथेच भरतात. या आठवड्यात रोज दोन तास जादा घेतले, तर ते पुढच्या दोन आठवड्यांत कमी व्हायला हवेत. वर्षभर रोज दहा तास हा कायदेशीर ओव्हरटाइम नव्हे.

आता पैसे. गोदामात काम करणाऱ्या चिपळूणच्या एका मुलाचा पगार 2000 दिरहॅम होता, त्यात बेसिक 1200. तीस दिवस आणि आठ तासांनी भागलं की तासाचे 5. त्यावर किमान 25 टक्के, म्हणजे 6.25. रात्री दहा ते पहाटे चार या वेळेत 50 टक्के, म्हणजे 7.50, शिफ्टवाल्यांना हा रात्रीचा दर लागू नाही. कंपनी त्याला सरसकट 4 देत होती. आणि तो महिनाअखेरीस कोऱ्या टाइमशीटवर सही करत होता!

कोऱ्या टाइमशीटवर सही करू नका. कितीही घाई असो, फोरमन आपल्याच गावचा असो, करू नका. त्या मुलाने दाद मागितली तेव्हा कागदावर ओव्हरटाइम शून्य होता आणि खाली त्याचीच सही. रोज आत-बाहेर जाण्याची वेळ वहीत लिहा, टाइमशीट भरलेली असेल तेव्हाच फोटो काढून सही करा.

दोन तासांनंतरही थांबवत असतील तर भांडू नका, आणि रागाने दुसऱ्या दिवशी दांडी तर मुळीच मारू नका. योग्य कारणाशिवाय सलग सात दिवसांपेक्षा जास्त गैरहजर राहिलात तर नोटीस न देता काढता येतं. सुपरवायझरला व्हॉट्सअ‍ॅपवर साधं लिहा: "आज दोन तास ओव्हरटाइम झाला, आता निघतो." उत्तर आलं तर जपून ठेवा. तरीही तेच चाललं, तर कामगार मंत्रालयाच्या 80084 वर तक्रार नोंदवा. गंभीर तक्रार खरी ठरली आणि तिच्यामुळेच काढलं, तर ते बेकायदा ठरतं. तीन महिन्यांच्या पगारापर्यंत भरपाई मिळू शकते.

घरकाम करणाऱ्यांना आणि डीआयएफसीसारख्या वित्तीय फ्री झोनमधल्यांना वेगळे कायदे आहेत.